भटारखान्यात सिलिंडर कुठे ठेवता?

रविवारी रात्री साडेअकराच्या सुमाराला अपघात विभागात एकोणीस वर्षांचा एक मुलगा आला. उजव्या पायाची नडगी आणि पावलाचा वरचा भाग भाजलेला. त्यावर टूथपेस्टचा पांढरा थर होता आणि पेस्टच्या खाली, कातडीला चिकटलेला, रबरी चपलेच्या पट्ट्याचा तुकडा. सोबत एक मध्यमवयीन गृहस्थ होते. केसपेपर लिहिताना मी विचारलं, "कुठे भाजलास?" मुलाने आधी त्या गृहस्थांकडे पाहिलं आणि मग म्हणाला, "घरी." "घरी कशानं?" "तेलानं." "किती तेल होतं?" "पाच-सहा लिटर असेल."

घरी पाच-सहा लिटर तेल कढईत नसतं. मुलगा गोरेगावातल्या एका छोट्या हॉटेलच्या भटारखान्यात काम करत होता. रात्री गिऱ्हाईक संपल्यावर कढई उतरवून, तेल गाळून डब्यात भरायचं हे त्याचं रोजचं काम. जमीन ओली होती, पायात चप्पल होती, पाय सरकला. जखम शरीराच्या पाच टक्क्यांइतकी, म्हणजे त्याच्याच हाताच्या पाच पंजांएवढी. आकडा लहान वाटतो. पण जखम खोल होती. त्वचारोपण करावं लागलं, तीन आठवडे तो वॉर्डात होता आणि त्यानंतर दोन महिने त्याला उभं राहून काम करता आलं नाही. खरं काय ते त्याने मला चौथ्या दिवशी सांगितलं.

अशा रुग्णांची बातमी होत नाही. बातमी होते ती गॅसच्या भडक्याची. २४ सप्टेंबर २०२५ रोजी सकाळी नऊच्या सुमाराला कांदिवली पूर्वेला, गोरेगावपासून दोन स्थानकं पुढे, केटरिंगचं काम चालणाऱ्या एका दुकानात गॅसगळती होऊन भडका उडाला. सात जण भाजले, त्यांत सहा महिला होत्या. पुढच्या काही दिवसांत त्यांच्यातले बहुतेक जण एकामागून एक गेले. त्याच वर्षी जूनमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कुर्ल्याच्या 'सिटी किनारा' हॉटेलच्या आगीबाबत निकाल दिला होता. १६ ऑक्टोबर २०१५ च्या त्या आगीत जेवायला बसलेले आठ जण मेले होते. त्यांतले सात अभियांत्रिकीचे विद्यार्थी होते. आग तळमजल्यावर लागली आणि माणसं पोटमाळ्यावर अडकली. परवाना फक्त तळमजल्यापुरता होता, पोटमाळ्यावर बेकायदा टेबलं मांडली होती आणि नियमभंगाची माहिती असूनही महापालिकेने कारवाई केली नाही, असं म्हणत न्यायालयाने प्रत्येक मृताच्या कुटुंबाला महापालिकेने ५० लाख रुपये द्यावेत असा आदेश दिला.

चप्पल घालून कढई उचलणारा मुलगा आणि कुर्ल्याच्या पोटमाळ्यावरचे विद्यार्थी यांच्यात एक धागा समान आहे. भाजलेल्या माणसाला आपण "लक्ष कुठे होतं?" असं विचारतो. पण व्यावसायिक स्वयंपाकघरातले बहुतेक गंभीर अपघात त्या क्षणीच्या बेसावधपणापेक्षा आधीच केलेल्या मांडणीतून येतात. सिलिंडर कुठे ठेवला आहे, गरम तेल किती पावलं चालत न्यावं लागतं, बाहेर पडायची वाट कुठून आहे. हे प्रश्न अपघाताच्या कितीतरी आधी सुटलेले किंवा चुकलेले असतात. त्यातला सर्वांत मोठा प्रश्न गॅसचा, म्हणून आधी तो.

दीडशे ग्रॅमचा हिशेब

सिलिंडरमधला एलपीजी दाबाखाली द्रव असतो. बाहेर आला की त्याची वाफ होते आणि ती द्रवाच्या अडीचशे पटींहून अधिक जागा व्यापते. ही वाफ हवेपेक्षा दीड ते दोन पट जड असते. त्यामुळे ती वर जात नाही. पाण्यासारखी जमिनीवर पसरते, शेगडीखाली, फ्रीजखाली, मोरीत, गटारात उतरते. हवेत तिचं प्रमाण साधारण दोन टक्क्यांवर गेलं की ठिणगी मिळताच ती पेटते. नऊ-साडेनऊ टक्क्यांच्या वर गेलं तर हवा अपुरी पडल्यामुळे पेटत नाही. पण तिथे दिलासा मानू नये, कारण दार उघडताच हवा आत येते आणि प्रमाण पुन्हा पेटण्याच्या टप्प्यात येतं.

आता उपनगरातला नेहमीचा गाळा घेऊ. दहा फूट रुंद, बारा फूट लांब, दहा फूट उंच. त्यात साधारण ३४,००० लिटर हवा मावते. गॅस सगळ्या खोलीत सारखा मिसळला, तर दोन टक्के व्हायला ६८० लिटर वाफ लागेल, म्हणजे सुमारे दीड किलो एलपीजी. पण तो सारखा मिसळत नाही, तळाशी साचतो. जमिनीलगतच्या एक फूट थरापुरता हिशेब केला तर ३,४०० लिटर हवेत ६८ लिटर वाफ पुरते. त्यासाठी एलपीजी लागतो सुमारे दीडशे ग्रॅम. व्यावसायिक सिलिंडर १९ किलोचा असतो. त्याचा शंभरावा भागसुद्धा नाही. तासाला किलोभर गॅस घेणारी भट्टी वाऱ्याने किंवा उतू गेलेल्या पाण्याने विझली आणि नुसतीच उघडी राहिली, तर हे दीडशे ग्रॅम नऊ-दहा मिनिटांत जमिनीवर येतात.

या हिशेबातून दोन गोष्टी कळतात. पहिली अशी की सिलिंडरचा स्फोट व्हावाच लागत नाही. अनेकदा सिलिंडर शाबूत सापडतो आणि माणसं मात्र जळालेली असतात, कारण पेटलेला असतो तो खोलीभर पसरलेला ढग. दुसरी गोष्ट ठिणगीची. ती देणारी वस्तू बहुधा भट्टीपासून लांब असते. फ्रीज आपोआप चालू होतो तेव्हा त्याच्या आतल्या स्विचची ठिणगी, मिक्सरचं बटण, देवापुढची उदबत्ती, सकाळी शटर उघडून लावलेला दिवा. रात्रभर बारीक गळती झालेल्या बंद गाळ्यात सकाळी पहिला आलेला माणूस सवयीने दिव्याकडे हात नेतो आणि तेवढं पुरतं.

गॅसला वास मुद्दाम दिलेला असतो. इथाइल मर्कॅप्टन नावाचं रसायन मिसळतात, म्हणून गळती कळते. पण नाकावर किती विसंबायचं, हे डॉक्टर म्हणून सांगायला हवं. तोच वास सतत येत राहिला तर काही मिनिटांत नाकाची संवेदना बोथट होते. आत काम करणाऱ्याला तो जाणवेनासा होतो आणि बाहेरून आलेल्याला दारातच जाणवतो. सर्दी झालेल्याला, तंबाखूची सवय असलेल्याला, कोविडनंतर वासाची जाणीव कमी झालेल्याला तो उशिरा कळतो. शिवाय वास उभ्या माणसाच्या नाकाशी येईपर्यंत घोट्याशी गॅस किती साचला असेल, ते वरच्या हिशेबावरून लक्षात येईल. म्हणून बाहेरून आलेला कुणी "वास येतोय" म्हणाला, तर आतल्यांनी "आम्हाला तर येत नाही" असं म्हणून त्याला परतवू नये.

मग सिलिंडर कुठे?

नियमानुसार परवान्याशिवाय १०० किलोपर्यंत एलपीजी ठेवता येतो, म्हणजे १९ किलोचे पाच सिलिंडर. अनेक मालक एवढाच नियम लक्षात ठेवतात. पण संख्या नियमात बसली म्हणून जागा बरोबर ठरत नाही.

योग्य मांडणी अशी असते. सिलिंडर स्वयंपाकघराच्या बाहेर, जाळीच्या खणात, उभे. जाळी जमिनीपासून सुरू होणारी, म्हणजे गळालेला गॅस तिथेच मोकळ्या हवेत विरून जाईल. आसपास गटाराचं तोंड, तळघराचा जिना किंवा विजेचा बोर्ड नको. तिथून आत येते ती धातूची पक्की नळी, रबरी नळी फक्त शेवटच्या हातभर अंतरापुरती. आणि स्वयंपाकघराच्या दाराशी एक मुख्य व्हॉल्व्ह, जो आगीकडे न जाता, बाहेर पळता पळता बंद करता येतो. हा व्हॉल्व्ह भट्टीच्या मागे असेल तर असून नसल्यासारखा.

सिलिंडर उभाच हवा, याला कारण आहे. उभ्या सिलिंडरमधून वाफ बाहेर येते. गॅस संपत आला की तो आडवा करून शेवटचा अर्धा किलो 'काढायची' पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. आडव्या सिलिंडरमधून वाफेऐवजी द्रवच नळीत येतो, त्याची पुढे अडीचशे पट वाफ होते आणि भट्टीतून एकदम मोठी ज्वाळा उसळते. गरम पाण्याच्या टोपात सिलिंडर उभा करणं हाही तसलाच प्रकार. हाताशी लागणारा गॅस थोड्याशा रुपयांचा आणि जखम चेहऱ्याची.

गॅसचा वास घेणारं यंत्र, म्हणजे डिटेक्टर, आता सहज मिळतं. पण ते कुठे लावायचं हे गॅसवर ठरतं आणि इथे मोठी चूक होते. एलपीजी जड असल्याने त्याचा डिटेक्टर जमिनीपासून फूटभर उंचीवर हवा. पाइपने येणारा नैसर्गिक वायू हवेपेक्षा हलका असतो, तो छताशी साचतो, म्हणून त्याचा डिटेक्टर छताजवळ हवा. पश्चिम उपनगरांतली अनेक हॉटेलं आता पाइपच्या गॅसवर गेली आहेत. भट्टी बदलली, जेट बदलले, पण डिटेक्टर जुन्याच जागी राहिला, तर त्याचा दिवा हिरवा दिसत राहील आणि गॅस त्याच्या डोक्यावर साचेल. शिवाय भटारखान्यातल्या तेलकट वाफेने डिटेक्टरचा पडदा बुजतो, आतला सेन्सर काही वर्षांत निकामी होतो. फोडणीच्या किंवा स्पिरिटच्या वाफेने तो उगाच वाजतो, मग वैतागून कुणीतरी त्याची वायरच काढतं. यंत्र बसवलं की काम संपलं असं नाही. ते महिन्यातून एकदा वाजवून पाहायचं काम कुणाचं, हे नाव घेऊन ठरलेलं हवं. डिटेक्टर वाजताच आपोआप गॅस बंद करणारा व्हॉल्व्ह त्याला जोडला, तर माणसाच्या धावपळीवर विसंबावं लागत नाही.

इथे गाळेवाले विचारतील, "डॉक्टर, आमच्याकडे बाहेर जागा कुठे आहे? बाहेर फूटपाथ." अडचण खरी आहे. अशा ठिकाणी योग्य उपाय एकच, पाइपचा गॅस. तो येईपर्यंत गाळ्यात जोडलेला सिलिंडर सोडून एकही जादा सिलिंडर ठेवू नये. रिकामासुद्धा नाही, कारण रिकाम्यातही थोडा गॅस उरतो. जोडलेला सिलिंडर दारापासून लांब आणि भट्टी दाराजवळ, अशी मांडणी पुष्कळ ठिकाणी असते, कारण भट्टीचा धूर आणि वास रस्त्यावर जावा, गिऱ्हाईक यावं. पण भडका उडाला की बाहेर पडायची वाट आगीतूनच जाते. सिलिंडर आणि भट्टी, दोन्हींपासून निघालेल्या माणसाला न ओलांडता येईल असं काही वाटेत नको. शटरच्या तळाशी जाळी बसवून घ्यावी, म्हणजे रात्री गळालेला गॅस बाहेर जाईल. छताजवळचा एक्झॉस्ट पंखा एलपीजीला उपयोगी पडत नाही, तो वरची हवा काढतो. आणि रात्री निघताना शेगडीचं बटण बंद करून भागत नाही, सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करावा. नळी उंदरांनी कुरतडलेली असेल तरी मग रात्र निभावते.

गळती शोधायची ती साबणाच्या पाण्याने. जोडावर फेस लावायचा, बुडबुडे आले की गळती. काडी पेटवून पाहण्याचा प्रकार आजही होतो आणि त्याचे रुग्ण आम्ही आजही पाहतो. वास जोराचा असेल तर मात्र शोधाशोध नको. कुठलंही बटण चालूही करू नये आणि बंदही करू नये, दोन्ही वेळा ठिणगी पडते. हाताशी असेल तर व्हॉल्व्ह बंद करावा, दारं उघडावीत, सगळ्यांनी बाहेर पडावं आणि बाहेर लांब जाऊन फोन लावावा. एलपीजी गळतीसाठी १९०६ आणि अग्निशमन दलासाठी १०१.

बोलत आलेला रुग्ण

गॅसच्या भडक्यात भाजलेला माणूस पुष्कळदा स्वतःच्या पायांनी चालत येतो, बोलतो, नाव-पत्ता सांगतो. नातेवाइकांना वाटतं, वाचला. दोन-चार दिवसांनी तोच माणूस गेल्यावर त्यांना वाटतं, इस्पितळाने मारला. हे का घडतं ते समजून घ्यायला हवं.

ढग पेटतो तेव्हा ज्वाळा सेकंदभरच असते, पण ती सगळ्या बाजूंनी येते. चेहरा, हात, उघडे पाय आधी भाजतात आणि अंगावर नायलॉन-पॉलिस्टरचे कपडे असतील तर ते वितळून कातडीला चिकटतात. प्रौढ माणसात एक हात म्हणजे शरीराचे नऊ टक्के, एक पाय अठरा, छाती-पोट मिळून अठरा, डोकं आणि चेहरा नऊ. त्यामुळे चाळीस टक्क्यांचा आकडा गाठायला फार काही लागत नाही. खोल भाजलेल्या ठिकाणी मज्जातंतूंची टोकंच जळालेली असतात, म्हणून तिथे दुखत नाही आणि रुग्ण शांत वाटतो. पण भाजलेल्या भागातल्या रक्तवाहिन्या झिरपू लागतात. साठ किलोच्या माणसाला चाळीस टक्के भाजलं असेल, तर पहिल्या चोवीस तासांत त्याला शिरेतून साधारण साडेनऊ लिटर द्रव द्यावा लागतो आणि त्यातला निम्मा पहिल्या आठ तासांत. हे तास भाजल्यापासून मोजतात, इस्पितळात पोचल्यापासून नाही. तीन दवाखाने फिरत आलेल्या रुग्णाचे त्यातले चार तास गेलेले असतात. त्यानंतर मूत्रपिंडं आणि दुसऱ्या आठवड्यात जंतुसंसर्ग हे पुढचे अडथळे. ऐंशी-नव्वद टक्के भाजलेला रुग्ण बोलत असला, तरी त्याची लढाई बहुधा त्या पहिल्या सेकंदातच हरलेली असते.

एक गोष्ट मात्र सोबतच्यांना ओळखता येते. नाकातले केस जळलेले, आवाज बसलेला किंवा थुंकीत काजळी असेल, तर श्वासमार्ग भाजला आहे. तो काही तासांत सुजून बंद होतो. अशा रुग्णाला तो कितीही नीट बोलत असला तरी थेट मोठ्या इस्पितळात न्यावं आणि दारातच "आवाज बदललाय" असं सांगावं.

तेल थांबू शकतं

आता त्या मुलाच्या कढईकडे येऊ. तळणीचं तेल १८० अंशांच्या आसपास असतं. ६० अंशांचं पाणी पाच सेकंदांत कातडी खोलवर भाजतं. तेल त्याच्या तिप्पट तापलेलं असतं आणि पाण्यासारखं ओघळून जात नाही, चिकटून राहतं. भट्टी बंद केल्यावर पाच-सहा लिटर तेल निवायला तास-दीड तास लागतो. पण हॉटेल बंद करायची घाई असते, म्हणून ते गरम असतानाच उचललं जातं, तेही दिवसातल्या सर्वांत ओल्या जमिनीवरून, सर्वांत थकलेल्या मुलाकडून.

इथे "सांभाळून उचल" असं सांगून काही होत नाही. त्याऐवजी तेल रात्री हलवायचंच नाही, झाकून ठेवायचं आणि सकाळी गाळायचं, हा नियम केला की हा अपघात होऊच शकत नाही. ज्यांना रात्रीच गाळायचं आहे त्यांनी खाली तोटी असलेली कढई किंवा फ्रायर घ्यावा, म्हणजे तेल उचलावं लागत नाही, सोडावं लागतं. पाय झाकणारे, न घसरणारे बूट हा शेवटचा उपाय. चप्पल मात्र उघड्या पायापेक्षाही वाईट ठरते, कारण तेल तिच्या पट्ट्याखाली अडकून राहतं.

तेल पेटलं तर काय, हेही भिंतीवर लिहून ठेवावं. पाणी टाकायचं नाही. पाणी जड असल्याने तेलाच्या तळाशी जातं आणि तिथे क्षणात वाफ होऊन सोळाशे-सतराशे पट फुगतं. पेटतं तेल कारंजासारखं छतापर्यंत उडतं. कढई उचलून बाहेर न्यायची नाही. गॅस बंद करायचा, धातूचं झाकण किंवा अग्निरोधक चादर पुढून मागे सरकवत टाकायची आणि ती लगेच उचलून पाहायची नाही, कारण तापलेलं तेल हवा मिळताच पुन्हा पेटतं. पावडरच्या नेहमीच्या लाल नळकांड्याने ज्वाळा विझते पण तेल निवत नाही, म्हणून तळणीच्या जागी 'वेट केमिकल' प्रकारचं नळकांडं हवं. ते तेलावर साबणासारखा थर धरतं.

वीस मिनिटं पाणी

भाजल्यावर पहिला उपचार म्हणजे वाहतं साधं पाणी, वीस मिनिटं. घड्याळ लावून. त्याने जखमेची खोली कमी होते आणि भाजल्यानंतर तीन तासांपर्यंत याचा उपयोग होतो. बर्फ नको, त्याने रक्तपुरवठा आणखी कमी होतो. टूथपेस्ट, हळद, बटाट्याचा कीस, शाई यांपैकी काहीही नको. ते काढायला आम्हाला जखम पुन्हा खरवडावी लागते आणि तिची खोलीही दिसत नाही. अंगठ्या, कडी, बांगड्या सूज येण्याआधी काढाव्यात. चिकटलेलं कापड ओढू नये, भोवतीने कापावं. आपल्याकडे नळाला वीस मिनिटं पाणी असेलच असं नाही, म्हणून एक झाकलेला पिंप आणि मग याच कामासाठी भरून ठेवावा. खूप मोठा भाग भाजला असेल तर पाणी फक्त जखमेवर आणि बाकीचं अंग चादरीने झाकलेलं, नाहीतर रुग्ण थंड पडतो. मग स्वच्छ कोरडं कापड गुंडाळून इस्पितळ.

सुरीबद्दल थोडक्यात. बोथट सुरी धारदार सुरीपेक्षा जास्त कापते, कारण तिला जोर लावावा लागतो आणि ती निसटते. रक्त थांबलं म्हणजे काम झालं असं समजू नये. बोटाचं प्रत्येक पेर वेगवेगळं वाकवून आणि सरळ करून पाहावं, टोकाला स्पर्श कळतो का ते पाहावं. एखादं पेर हलत नसेल तर स्नायूची दोरी तुटली आहे. ती पहिल्या काही दिवसांत शिवली तर हात बराचसा परत मिळतो. महिन्याभराने आलेल्या आचाऱ्याला तोच हात देता येत नाही. तुटलेलं बोट ओलसर स्वच्छ कापडात, मग प्लॅस्टिकच्या पिशवीत आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवून आणावं. बोट थेट बर्फावर नको.

केसपेपरवरचा एक शब्द

'सिटी किनारा'च्या निकालाला दहा वर्षं लागली. तो निकाल लागू शकला, कारण मृतांच्या कुटुंबांनी पाठपुरावा केला आणि मृत्यू नोंदले गेले होते. साकीनाक्याच्या खैरानी रोडवर १८ डिसेंबर २०१७ च्या पहाटे फरसाणाच्या दुकानाला आग लागून बारा कामगार मेले. तिथेच काम आणि तिथेच झोप असलेली माणसं होती ती. तेही नोंदलं गेलं, कारण मरण लपवता येत नाही.

पाच टक्के भाजलेला पाय मात्र लपतो. "घरी भाजलो" असं लिहिलं की त्या भटारखान्यात अपघात झालेलाच नसतो. मालकाला विचारणारं कुणी नसतं, उपचाराचा आणि बुडालेल्या पगाराचा हक्क मुलाला मागता येत नाही आणि दुसऱ्या रात्री दुसरा मुलगा त्याच ओल्या जमिनीवरून तीच कढई उचलतो. म्हणून माझ्या विभागातल्या तरुण डॉक्टरांना मी एक सवय लावतो आहे. भाजलेल्या किंवा कापलेल्या रुग्णाला "कुठे झालं?" हा प्रश्न सोबतच्या माणसाला बाहेर बसवून विचारायचा आणि पुढे "किती तेल होतं? सिलिंडर कितीचा होता?" हेही विचारायचं. घरच्या आणि धंद्याच्या स्वयंपाकघरातला फरक त्या उत्तरात कळतो.

तो मुलगा परवा ड्रेसिंगला आला होता. त्याच हॉटेलात परत लागला आहे, आता काउंटरवर. मी विचारलं, "तेल कोण गाळतं रे आता?" म्हणाला, "नवीन पोरगा आलाय. पण सकाळी गाळतो, साहेब. मीच सांगितलं शेठना."

(लेखक शासकीय रुग्णालयात वैद्यकीय अधिकारी आहेत.)